मशीनचे आठ लाख: दुरुस्ती खात्यात की मशिनरी खात्यात?

शाईचे_डाग
नमस्कार मंडळी, जरा घरचंच धुणं इथे धुतोय, सांभाळून घ्या.
मिरजेत आमची प्रेस आहे, पत्रिका, औषधांची खोकी, दिवाळीत कॅलेंडरं असलं काम. भागीदारी फर्म, मी, धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ अण्णा. अण्णांचा हिस्सा ४० टक्के. पाच वर्षांपूर्वी सेकंडहँड फोर कलर ऑफसेट घेतली ३८ लाखांना. गेल्या डिसेंबरात तिच्यावर एकदम ८ लाख घातले. त्यात रोलर रीकोटिंग आणि ब्लँकेट १ लाख २० हजार, ग्रिपर बेअरिंग कॅम वगैरे बदलून मिस्त्रीच्या मजुरीसकट २ लाख ८० हजार, आणि नवीन आयआर ड्रायर ४ लाख, जो आधी मशीनला नव्हताच.
आमच्या अकाउंटंटने सगळेच्या सगळे ८ लाख मशिनरी खात्याला टाकले. म्हणाला मशीनवरचा खर्च आहे, मशिनरीतच जाणार, आणि वर बँकेचं रिन्युअल आहे, नफा बरा दिसेल. तेव्हा मान डोलावली. आता टॅक्सचा आकडा बघून भाऊ रोज जेवताना विषय काढतोय. त्यात अण्णा ३१ मार्चला निवृत्त झाले आणि पुस्तकाप्रमाणे त्यांचा हिशोब करून मोकळे झाले. तर यातला महसुली खर्च, म्हणजे त्याच वर्षी नफ्यातून वजा होणारा, किती आणि भांडवली, म्हणजे मशिनरीच्या किमतीत जाणारा, किती? नक्की चुकलं कोण, आणि किती?

बंडू_बार्शीकर
महसुली खर्च म्हणजे तलाठ्याला द्यावा लागतो तो ना? तो कुठल्याच खात्यात दिसत नाही, बिनधास्त राहा.

हिशोबी_मावशी
बंडू 😄
माझ्या माहितीप्रमाणे नियम सोपा आहे, ज्या खर्चाचा फायदा एका वर्षापेक्षा जास्त टिकतो तो भांडवली. रोलर एका वर्षात झिजत असतील तर ते दुरुस्तीत, बाकी सगळं मशिनरीत. म्हणजे अकाउंटंट साधारण बरोबरच आहे की, १ लाख २० हजार सोडले तर.

जुना_गिरणीवाला
मावशी, हा एक वर्षाचा नियम सगळ्यांच्या डोक्यात बसलाय पण तो अर्धाच आहे. शेडला रंग दिला तर तो तीन वर्षं टिकतो, म्हणून रंग काय इमारतीच्या किमतीत घालता का? छप्पर गळतं म्हणून पत्रे बदलले, दहा वर्षांची निश्चिंती, तरी ती दुरुस्तीच. किती टिकतं याच्या आधी विचारायचं की खर्चानंतर हातात काय नवीन आलं. जे होतं ते पुन्हा होतं तसं चालायला लागलं, की जे नव्हतं ते आलं?
एम्पायर ज्यूटच्या केसमध्ये, १९८० ची, सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच म्हटलं. ताग गिरण्यांवर आठवड्याला किती तास माग चालवायचे याची मर्यादा होती, तर एका गिरणीने दुसरीचे तास विकत घेतले. आयकरवाले म्हणाले टिकाऊ फायदा मिळाला, म्हणजे भांडवली. कोर्ट म्हणालं टिकाऊ फायदा ही कसोटी आंधळेपणाने लावायची नाही, इथे नवीन मालमत्ता काही आली नाही, आहे ते यंत्र जास्त वेळ चालवता आलं एवढंच. खर्च महसुली धरला.
डाग साहेब, तुमचा ड्रायर सरळ भांडवली. रोलर-ब्लँकेट सरळ दुरुस्ती. मधले २ लाख ८० हजार मला दुरुस्तीच वाटतात, पण बिल बघितल्याशिवाय शपथ घेणार नाही.

सोसायटी_सेक्रेटरी_नाही
माझापण हाच प्रश्न आहे. मी फ्लॅटचं किचन आणि बाथरूम केलं साडेपाच लाखात, ते पगाराच्या उत्पन्नातून वजा होतं का? सीए नाही म्हणतोय.

जुना_गिरणीवाला
तुमचा सीए बरोबर आहे. पगारातून नाही जात. फ्लॅट विकाल तेव्हा सुधारणेचा खर्च म्हणून बघता येईल, बिलं जपून ठेवा. पण धागा वेगळा काढा हो, इथे मशीन पडलंय बिचारं.

रेवती_मोजते
सीए आहे, पण ऑफिसबाहेर. गिरणीवाले काकांशी सहमत. आकडे मांडून बघू, म्हणजे भावाला जेवताना काहीतरी ठोस सांगता येईल 🙂
डागदादा, बाकी सगळा खर्च आणि जुन्या मशीनचा घसारा, म्हणजे झिजेपोटी किमतीतून दरवर्षी कमी होणारा भाग, वजा जाऊन हे ८ लाख सोडले तर नफा किती होता?

शाईचे_डाग
ताई, १० लाखाच्या आसपास. गोल १० धरा.

रेवती_मोजते
ठीक. मशिनरीला घसारा १५ टक्के, पण डिसेंबरात वापरात आलं म्हणजे वर्षात १८० दिवस भरले नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी अर्धा, साडेसात टक्के.
अकाउंटंटने केलं तसं: ८ लाखावर घसारा ६० हजार, नफा दिसला ९ लाख ४० हजार.
मधले २ लाख ८० हजार दुरुस्ती धरून केलं तर: ४ लाख सरळ खर्च, ड्रायरच्या ४ लाखावर घसारा ३० हजार, नफा ५ लाख ७० हजार.
म्हणजे नफा ३ लाख ७० हजारांनी फुगला. आता ताळेबंद बघा. पहिल्या पद्धतीत या खर्चापोटी मशिनरीत ७ लाख ४० हजार शिल्लक दिसतात, दुसऱ्यात ३ लाख ७० हजार. फरक तेवढाच, ३ लाख ७० हजार. हा योगायोग नाही हं, नफ्यात जे जास्त दिसलं ते कुठेतरी मालमत्ता म्हणून बसावंच लागतं, नाहीतर ताळेबंद जुळणार नाही. तुमच्याकडे ते मशीनच्या अंगावर बसलंय. झिजलेले ग्रिपर भंगारात गेले, नवे बसले, मशीन होती तशीच चालते, पण पुस्तकात ती पावणेचार लाखांनी श्रीमंत झाली.
फर्मचा कर सेससकट ३१.२ टक्के, म्हणजे जास्तीचा कर साधारण १ लाख १५ हजार. भाऊ उगाच बोलत नाहीये.

आकडेमोड्या
पण ताई हा कर बुडाला कुठे, पुढच्या वर्षी घसारा जास्त मिळेल की. शेवटी सगळं एकच होतं. टायमिंगचा प्रश्न आहे फक्त. आणि कॅश तर तेवढीच गेली ना, ८ लाख. कॅश कधी खोटं बोलत नाही.

रेवती_मोजते
परत मिळतो, पण थेंबाथेंबाने. जास्तीच्या ३ लाख ७० हजारांवर पुढच्या वर्षी १५ टक्क्याने ५५,५०० घसारा, त्याच्या पुढच्या वर्षी ४७,१७५, असं कमी कमी होत जातं कारण उरलेल्या रकमेवर टक्केवारी लागते. अजून पाच वर्षांनीसुद्धा १ लाख ६४ हजार तिथेच पडून असतील. तोपर्यंत ते ग्रिपर पुन्हा एकदा बदलून झालेले असतील आणि जुन्या ग्रिपरचा घसारा चालूच. आणि दर पुढच्या वर्षाचा नफा तेवढा कमी दिसणार, म्हणजे एका वर्षाच्या खोट्यासाठी दहा वर्षं थोडं थोडं खोटं.
कॅशचं बाकीच्यांना बोलू दे, मी क्लायंटच्या फोनवर आहे.

टेक्सासकर
कॅश खोटं बोलत नाही हे वाक्य ऐकलं की मला वर्ल्डकॉम आठवतं, ती बुडालेली अमेरिकन टेलिकॉम कंपनी. मी तेव्हा इथे टेलिकॉममध्येच होतो, दुसऱ्या कंपनीत, आणि आमचे मॅनेजर रोज विचारायचे की त्यांना हा मार्जिन जमतो कसा.
जमायचा असा. दुसऱ्या कंपन्यांच्या लाईन वापरायचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात, त्याला लाईन कॉस्ट म्हणतात. महिना संपला की त्यातलं काही उरत नाही, घरभाड्यासारखं. त्यांनी त्यातला मोठा हिस्सा प्रीपेड कपॅसिटी वगैरे नाव देऊन मालमत्तेत टाकला. २००१ आणि २००२ ची पहिली तिमाही मिळून ३.८ अब्ज डॉलर. २००१ ला १.४ अब्ज नफा दाखवला होता, नीट धरलं तर तोटा निघतो.
आता कॅशचं. रोख तेवढीच गेली हे खरं. पण कॅश फ्लोच्या पत्रकात खर्च म्हणून टाकलं तर ते धंद्याच्या रोखीतून वजा होतं, मालमत्ता म्हणून टाकलं तर खाली गुंतवणुकीत जातं. म्हणजे वरची ओळ, जी सगळे बघतात, तीपण फुगते. एकूण बेरीज तेवढी खरी राहते आणि ती कोणी बघत नाही.
पकडलं त्यांच्याच इंटर्नल ऑडिटने, सिंथिया कूपर आणि तिच्या टीमने. त्यांना भांडवली खर्चात मोठमोठ्या रकमा दिसल्या ज्यांच्या मागे कागदच नव्हता. केबल टाकली तर खोदकामाची बिलं असतात, वर्क ऑर्डर असते, माणसं असतात. इथे काहीच नाही, नुसत्या जर्नल एन्ट्र्या. जून २००२ ला जाहीर झालं, जुलैमध्ये दिवाळखोरी. पुढे त्यांच्या प्रमुखाला, एबर्सला, २५ वर्षांची शिक्षा झाली.

बंडू_बार्शीकर
डाग, तुमचे अकाउंटंट बॅग भरून ठेवा म्हणावं.

शाईचे_डाग
बंडूभाऊ माणूस गरीब आहे हो, वीस वर्षं आमच्याकडे आहे 😅

बँकेतून_सुटलो
रिन्युअलसाठी नफा बरा दिसेल म्हणणाऱ्या सगळ्या अकाउंटंट लोकांना माझा साष्टांग नमस्कार. मी अठरा वर्षं हीच पत्रकं वाचली. प्रेससारख्या धंद्यात दरवर्षी दुरुस्ती खात्यात लाख-दीड लाख दिसतात आणि एका वर्षी अचानक पंचवीस हजार होतात, त्याच वर्षी मशिनरीत ८ लाखांची भर, पण विक्री तेवढीच, विजेचं बिल तेवढंच, कामगार तेवढेच. पहिला प्रश्न हाच की हे ८ लाख दाखवा. मग पार्टी मला मशीनपाशी नेणार आणि म्हणणार साहेब हे बघा, नवीन बेअरिंग आत आहेत. आत! ड्रायर दाखवला असता तर चहा प्यालो असतो आणि गेलो असतो.
आणि तारण म्हणून आम्ही पुस्तकातली किंमत धरतच नव्हतो, व्हॅल्युअर पाठवायचो. त्यामुळे फुगवून कमावलं काय तर वरचा कर.

हिशोबी_मावशी
मग उलट केलं तर? सगळे ८ लाख दुरुस्तीत. कर वाचला. आमच्या ओळखीत तेच करतात सगळे.

जुना_गिरणीवाला
मावशी, मग नफा २ लाख दिसणार, खरा ५ लाख ७० हजार. म्हणजे त्याच ३ लाख ७० हजारांची चूक, दिशा उलटी. आणि ड्रायर उभा आहे समोर पण पुस्तकात मशीनबरोबर त्याचा पत्ताच नाही, उद्या विकलात तर आलेले पैसे कुठून आले ते सांगत बसा.
त्यातही एक मोठा खड्डा आहे. आमच्या गिरणीत एका साहेबांना वाटायचं की गिरणी हे एकच मोठं यंत्र, त्यातली रिंग फ्रेम बदलली तर तो गिरणीचा पार्ट बदलल्यासारखा, म्हणून दुरुस्ती. खूप गिरण्यांनी तसं केलं. २००७ ला सरवणा स्पिनिंगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रिंग फ्रेम हे स्वतःच एक यंत्र आहे, अख्खी बदलली की ती चालू दुरुस्ती होत नाही. म्हणजे तुमचा ग्रिपर बदलला ती दुरुस्ती, अख्खी मशीन बदलली तर नाही, आणि मधली सीमा कुठे आहे यावर वकिलांची घरं चालतात.
अजून एक. मोठा भाग नवीन म्हणून मशिनरीत टाकला तर जुन्याची उरलेली किंमत पुस्तकातून काढायची असते. तुमच्याकडे नवे ग्रिपरही मशिनरीत आणि पाच वर्षांपूर्वीच्या ३८ लाखांत जुने ग्रिपरही अजून आहेतच. एकाच जागी दोन.

घाटावरची
अण्णांचं काय झालं पण? मला तोच भाग रंजक वाटतोय. फुगलेल्या नफ्याचे ४० टक्के म्हणजे १ लाख ४८ हजार जास्त घेऊन गेले की काय?

रेवती_मोजते
कर आधी वजा होतो, फर्म भरते. ३ लाख ७० हजारांतून १ लाख १५ हजार कर गेला, उरले अडीच लाखाच्या वर, त्याचे ४० टक्के म्हणजे १ लाख २ हजारांच्या आसपास. हे पैसे आता उरलेल्या दोघा भावांच्या खिशातून गेलेत, आणि पुढचा जास्तीचा घसारा फक्त त्यांनाच मिळणार. म्हणून म्हणते, भागीदार बदलत असेल त्या वर्षी टायमिंगचा प्रश्न हा नुसता टायमिंगचा राहत नाही.

आकडेमोड्या
ओके, हे पटलं. पण निवृत्तीच्या वेळी मशिनरीची किंमत नव्याने ठरवतात ना? तसं केलं असतं तर चूक आपोआप धुतली गेली असती.

रेवती_मोजते
बरोबर, बाजारभावाने मोजली असती तर बहुतेक गेली असती. दादा, भागीदारीच्या डीडमध्ये काय आहे?

शाईचे_डाग
डीडमध्ये पुस्तकी किमतीने असं लिहिलंय. १९९८ चं डीड आहे, आजोबांच्या वेळच्या वकिलाचं.
अण्णांकडे लाख रुपये मागायला जायची माझी छाती नाही, ते सोडा. पण एक गोष्ट लिहायची राहिली, कदाचित महत्त्वाची असेल. मशीन घेतली तेव्हापासूनच तिचं चौथं युनिट बंद होतं. म्हणून तर स्वस्तात मिळाली. आम्ही पाच वर्षं फोर कलरचं काम दोन फेऱ्यांत काढायचो, तीन रंग आधी, मग प्लेट बदलून काळा. त्यात रजिस्टर हलायचं, म्हणजे रंग एकावर एक नेमके बसायचे नाहीत, शीटा वाया जायच्या. या डिसेंबरात मिस्त्रीने चौथं युनिट चालू करून दिलं. ते त्या २ लाख ८० हजारांतच आहे.

जुना_गिरणीवाला
अहो देवा. हे पहिल्या पोस्टीत लिहायचं होतंत.

बँकेतून_सुटलो
मी उठून बसलो.

जुना_गिरणीवाला
आता गंमत बघा. सेकंडहँड मशीन घेताना ती चालू करायला जो खर्च येतो तो मशीनच्या किमतीतच जातो, त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, कारण तुमच्या हातात ती कधी चालतच नव्हती. पाच वर्षांपूर्वी लगेच केलं असतं तर प्रश्नच नव्हता, भांडवली. आता पाच वर्षांनी केलं म्हणून स्वभाव बदलतो का? माझ्या मते नाही. तुमच्या धंद्याला जे कधी नव्हतं ते मिळालं, एका फेरीत चार रंग. म्हणजे त्या युनिटपुरता भाग मशिनरीत. बाकीच्या तीन युनिटांचे ग्रिपर-बेअरिंग दुरुस्तीत.

रेवती_मोजते
काका, इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. मशीन फोर कलर म्हणूनच बनली आणि फोर कलर म्हणूनच विकत घेतली. चौथं युनिट नवीन आणलं नाही, बंद पडलेलं चालू केलं. आयकरासाठी मी चालू दुरुस्ती म्हणून लढेन. पुस्तकांत मात्र तुमच्यासारखंच करावंसं वाटतंय, कारण उत्पादन खरंच वाढलंय, म्हणजे दोन्हीकडे वेगळं दाखवावं लागेल. अधिकाऱ्याने मान्य केलं नाही तर काय हा प्रश्न आहेच.

जुना_गिरणीवाला
लढा, लढा. ताई तुमची फी कोण देणार ते आधी ठरवा 🙂 तुम्ही जिंकूही शकता, मी नाही म्हणत नाही. पण पाच वर्षं बंद होतं हे त्याने विचारलं तर काय सांगाल?

टेक्सासकर
म्हणजे अकाउंटंट चुकीच्या कारणासाठी थोडासा बरोबर निघाला?

रेवती_मोजते
थोडासा 😑 किती थोडासा ते बिलावर. दादा, मिस्त्रीच्या बिलात चौथ्या युनिटचे वेगळे पैसे लिहिलेत का?

शाईचे_डाग
बिलात एकच ओळ आहे. "मशीन काम पार्टसह २,८०,०००." आत्ता फोन केला. म्हणतो चौथ्याचं नव्वद हजार धरा नाहीतर दीड लाख धरा, तुम्हाला सोयीचं असेल ते लिहून देतो, आजच्या तारखेचं नको असेल तर मागची टाकतो.

बँकेतून_सुटलो
मागच्या तारखेचं अजिबात घेऊ नका!!

जुना_गिरणीवाला
सोयीचं नको, खरं पाहिजे. मिस्त्री लोक हजेरीची वही ठेवतात, कुठल्या दिवशी काय काम केलं ते. ती मागा. आणि पार्ट त्याने कुठून घेतले त्या दुकानाची बिलं, त्यावर पार्ट नंबर असतो, कुठल्या युनिटचा ते मशीनच्या पुस्तकावरून कळेल.

शाईचे_डाग
संध्याकाळी जाऊन आलो. वही आहे! एकूण सव्वीस दिवस, रोजचे ५ हजार दोघांचे, म्हणजे मजुरी १ लाख ३० हजार. त्यात "यु. ४" असं लिहिलेले दिवस अकरा. म्हणजे ५५ हजार. पार्टच्या दीड लाखांपैकी दोन बिलं मिळाली, बाकीची तो शोधतोय. एका बिलावर तेलाचा डाग आहे, रक्कम वाचता येत नाही.

रेवती_मोजते
दुकानदाराकडून डुप्लिकेट घ्या. आणि वहीच्या त्या पानांचे फोटो आत्ताच काढून ठेवा, पावसाळ्याआधी.

हिशोबी_मावशी
माझा एक वर्षाचा नियम मी मागे घेते, अर्धा.

बंडू_बार्शीकर
ते सगळं राहू दे, मिस्त्रीचा नंबर व्यनि करा. आमची टू कलर तीन महिने रडतेय.